मीटिंगचा सारांश मशीनने काढला, पण त्याला गुण कसे द्यायचे?

तळमजला_०२

आमच्या सोसायटीच्या कमिटीची मीटिंग दर महिन्याला होते. टिपणं काढायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. गेले तीन महिने मी मोबाइलवर रेकॉर्डिंग करतो, त्याचा मजकूर करून घेतो आणि तो मशीनकडून सारांशित करून घेतो. दोन टूल्स ट्राय केली. त्यांना अ आणि ब म्हणू. आता एकाचे पैसे भरायचे आहेत, म्हणून कोणतं चांगलं हे ठरवायला मी एक साधा तक्ता केला:

१. सगळं आलं का?
२. खरं आहे का?
३. आटोपशीर आहे का?
४. कामाचं आहे का?

प्रत्येकाला ५ पैकी गुण, एकूण २०. गेल्या मीटिंगचे (४८ मिनिटं, मजकूर जेमतेम पाच हजार शब्द) गुण असे आले. अ ला ४, ३, ५, ५ मिळून १७. ब ला ४, ५, २, ३ मिळून १४. म्हणजे अ जिंकलं. पण त्याच अ च्या सारांशामुळे परवा घोळ झाला. खजिनदार मीटिंगला नव्हते. त्यांनी सारांश वाचून मला फोन केला, "लिफ्टवाल्याच्या ॲडव्हान्सचा चेक लिहून ठेवलाय, अध्यक्षांची सही कधी घ्यायची?" आता गंमत अशी की लिफ्टचं काही ठरलेलंच नाही!

तर माझ्या तक्त्यात नेमकं चुकतंय कुठे?

नानू_डोंबिवली

मशीनने लिहिलेलं इतिवृत्त वहीत चिकटवलं तर चालतं का? आमच्याकडे एक सभासद प्रत्येक मीटिंगला हरकत घेतात.

तळमजला_०२

नानू, इतिवृत्त सचिवच लिहितात आणि पुढच्या सभेत वाचून कायम होतं. मी बोलतोय तो सारांश फक्त व्हॉट्सॲपवर जातो. त्याला गुण कसे द्यायचे एवढाच प्रश्न आहे.

नानू_डोंबिवली

अच्छा. मला वाटलं वहीचं चाललंय. असो, वाचतोय.

पायथन_पंत

हे हाताने करत बसायची गरजच नाही. सारांश तपासायला रूज नावाचं माप आहे, २००४ पासून सगळे वापरतात. तुम्ही एक चांगला सारांश स्वतः लिहा. मशीनच्या सारांशातले किती शब्द त्याच्याशी जुळतात ते मोजून आकडा मिळतो. दोन ओळींचा कोड आहे. माणसाचं मत मध्ये येत नाही, भांडण नाही.

मोडी_लिपी

पंत, इंग्रजीत ठीक आहे. मराठीवर तुम्ही खरंच चालवून बघितलंय का? हे करा:

```python
from rouge_score import rouge_scorer
s = rouge_scorer.RougeScorer(['rouge1'])
a = 'तिसरे कोटेशन मागवावे'
print(s.score(a, a))
```

तेच वाक्य त्याच वाक्याशी ताडतोय, म्हणजे पैकीच्या पैकी यायला हवेत. येतं शून्य. त्या पॅकेजचा वाक्याचे शब्द सुटे करणारा मूळचा भाग, म्हणजे टोकनायझर, a ते z आणि 0 ते 9 सोडून बाकी सगळं पुसून टाकतो, त्यामुळे देवनागरीचं अक्षरही शिल्लक राहत नाही. स्वतःचा टोकनायझर द्यायची सोय आहे, पण ते न कळता लोक आकडे छापतात. सारांशात चुकून AGM किंवा CCTV रोमनमध्ये असेल तर तेवढंच जुळतं आणि आकडा बरा दिसतो, हा त्यातला विनोद.

पण समजा ते दुरुस्त केलं. तरी 'कोटेशन मंजूर केले' आणि 'कोटेशन मंजूर केले नाही' यांत फरक एका शब्दाचा. रूजच्या लेखी दोन्ही जवळजवळ सारखेच. तळमजला यांचं दुखणं नेमकं तिथेच आहे.

पायथन_पंत

शून्याचं माहीत नव्हतं, आत्ता चालवलं. खरंच शून्य. 🙏 मी इंग्रजी कॉल्सवरच वापरलं होतं. तरी शे-दोनशे सारांशांत एखादं टूल अचानक बिघडलंय का हे पकडायला उपयोगी पडतं, एवढं म्हणणं सोडणार नाही.

मोडी_लिपी

तेवढं मान्य. एका मीटिंगचा निकाल त्यावर लावू नका म्हणजे झालं.

तळमजला, लिफ्टबद्दल जे प्रत्यक्ष बोलणं झालं ते आणि दोन्ही सारांशांतला तेवढाच तुकडा टाकाल का? हवेत बोलण्यापेक्षा ते बरं.

तळमजला_०२

हे घ्या. रेकॉर्डिंगमधलं जसंच्या तसं:

> अध्यक्ष: लिफ्टचं काय झालं?
> सचिव: दोन कोटेशनं आलीत. एक साडेतीन लाखांचं, एक दोन ऐंशीचं. पण दोन ऐंशीवाला वॉरंटी एकच वर्षाची देतोय.
> सदस्य १: देऊन टाका ना दोन ऐंशीवाल्याला, किती दिवस घोळ घालायचा.
> सदस्य २: हो हो.
> अध्यक्ष: बघू. तिसरं एक मागवून घ्या, पुढच्या मीटिंगला ठेवू. गणपतीच्या आधी झालं म्हणजे बरं.

अ चा सारांश:

> लिफ्ट दुरुस्तीसाठी दोन कोटेशन प्राप्त झाली. चर्चेअंती २ लाख ८० हजार रुपयांचे कोटेशन सर्वानुमते मंजूर करण्यात आले. काम गणेशोत्सवापूर्वी पूर्ण करण्याचे ठरले.

ब चा सारांश:

> लिफ्ट दुरुस्तीसाठी साडेतीन लाख व २ लाख ८० हजार अशी दोन कोटेशन आली. कमी रकमेच्या कोटेशनमध्ये वॉरंटी एक वर्षाची असल्याचे सचिवांनी सांगितले. सचिवांनी तिसरे कोटेशन मागवावे. निर्णय पुढील मीटिंगमध्ये. काम गणपतीपूर्वी व्हावे अशी अध्यक्षांची अपेक्षा.

सई_क

अ किती झोकात लिहितंय! "चर्चेअंती", "सर्वानुमते". सरकारी परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं. म्हणूनच आपण फसतो.

मोडी_लिपी

सईताई, अगदी. भाषा सफाईदार असली की तपासणाऱ्याचा हात सैल होतो. मी ऑफिसात हे काम दोन वर्षं केलंय (सारांश तपासणाऱ्यांच्या टीमला शिकवायचं काम), तिथेही पहिला आठवडा याच्यातच जायचा.

तळमजला, तुमचे चार प्रश्न बरोबर आहेत. चूक मोजण्याच्या पद्धतीत आहे. तुम्ही सारांश आधी वाचला आणि मग "सगळं आलंय का" असं स्वतःला विचारलं. सारांश वाचल्यावर जे त्यात आहे तेवढंच मीटिंगमध्ये झालं असं वाटायला लागतं. म्हणून क्रम उलटा करा. आधी मूळ मजकूर वाचून मुद्द्यांची यादी काढा, प्रत्येकापुढे मिनिट लिहा, आणि ती यादी पूर्ण होईपर्यंत सारांश उघडू नका. मुद्दा म्हणजे काय, तर जो गाळला तर मीटिंगला न आलेल्या माणसाचं काही अडेल तो. ठरलेली गोष्ट, कुणावर टाकलेलं काम, रक्कम, तारीख, लटकलेला विषय, आणि कुणी विरोध केला असेल तर तो विरोध.

लिफ्टच्या तुकड्यात माझ्या मते चार मुद्दे आहेत: दोन रकमा, वॉरंटीतला फरक, तिसरं कोटेशन मागवणं, निर्णय पुढे ढकलला हे. गणपतीचं मी पाचवा धरेन, पण 'इच्छा' म्हणून.

मग खरं आहे का हे वाक्यावाक्याने बघायचं. एकूण सारांश वाचून "साधारण बरोबर वाटतंय, ३ देऊ" असं नाही. अ ची तीन वाक्यं घ्या. पहिलं बरोबर. दुसरं सरळ खोटं. तिसऱ्यात इच्छेचा ठराव झालाय, तेही चूकच. तीनात दोन चूक! तुम्ही ५ पैकी ३ दिलेत कारण चुका ४८ मिनिटांच्या मीटिंगभर पसरून पातळ झाल्या.

तळमजला_०२

पटलं. आणि "हो हो" चं काय? सदस्य २ प्रत्येक वाक्याला "हो हो" म्हणतात. 😄

मोडी_लिपी

तेच तर. आपल्याकडे "हो हो" म्हणजे ऐकतोय. "बघू" म्हणजे बहुतेक वेळा नाही, किंवा आत्ता नाही. "करूया की" म्हणजे करूया, पण कोण करणार ते विचारू नका. मशीन "हो हो" ला संमती धरतं आणि "बघू" कडे दुर्लक्ष करतं, की झालं 'सर्वानुमते'. मराठी मीटिंगच्या सारांशात मी पहिल्यांदा 'सर्वानुमते', 'ठरले' आणि 'मंजूर' हे तीन शब्द शोधतो आणि प्रत्येकासाठी मूळ मजकुरात बोट ठेवायला जागा आहे का ते बघतो.

वैनगंगा

आमच्या बचत गटाची गोष्ट सांगते. व्याज शेकडा दोनचं दीड करायचं का यावर बोलणं झालं. बारा जणी होत्या. एक जण ठाम नाही म्हणाली, कारण तिचे पैसे गटात जास्त. शेवटी दीड झालं. मुलीने मोबाइलवर सारांश काढून दिला, त्यात "व्याजदर दीड टक्का करण्यास सर्वांनी मान्यता दिली". ती बाई इतकी चिडली, म्हणे माझं नाव खोट्यात घातलं. निर्णय तर बरोबरच होता ना? मग याला चूक म्हणायचं की राहून गेलं म्हणायचं?

मोडी_लिपी

वैनगंगाताई, छान प्रश्न. "दीड करण्याचे ठरले" एवढंच असतं तर विरोध राहून गेला, म्हणजे पहिल्या प्रश्नात गुण कमी. "सर्वांनी" लिहिलं तिथे ते खोटं झालं, म्हणजे दुसऱ्या प्रश्नात चूक. एकाच गोष्टीसाठी दोन्हीकडे गुण कापू नका, जास्त गंभीर ती धरा. इथे खोटं.

सई_क

आणि वहीत तिचा विरोध लिहून घ्या, वैनगंगाताई. सारांश गेला खड्ड्यात.

वैनगंगा

लिहिला बाई, सहीसकट.

तळमजला_०२

काल रात्री बसून सांगितलं तसं केलं. पूर्ण मीटिंगची यादी केली, ११ मुद्दे निघाले. सारांश न बघता यादी करायला ५० मिनिटं लागली, हे आधी सांगतो.

अ मध्ये ११ पैकी ८ मुद्दे आलेत. गळलेल्यांत एक लिफ्टचं तिसरं कोटेशन, बाकी दोन (पार्किंगचा वाद, वॉचमनची रात्रपाळी) २४ ते ३५ मिनिटांच्या मधले. ब मध्ये १० आलेत. अ ची १४ विधानं निघाली, त्यातली ३ चूक. ब ची २२, त्यातलं एक मला ठरवता येत नाहीये. "सचिवांनी तिसरे कोटेशन मागवावे". अध्यक्ष नुसतं "मागवून घ्या" म्हणाले, सचिवांचं नाव घेतलंच नाही. पण कोटेशन कायम सचिवच मागवतात, खोलीतल्या सगळ्यांना ते कळलं.

मोडी_लिपी

मधली मिनिटं गळणं नेहमीचं आहे. लांब मजकुरात सुरुवात आणि शेवट बरा धरला जातो, मधलं निसटतं. म्हणून तर मिनिटं लिहायला सांगितली. पुढच्या दोन मीटिंगांतही गळती मधेच दिसली तर मजकुराचे विषयवार तुकडे करून द्या आणि बघा. मात्र तुकडे केले की वेगळा त्रास होतो. दहाव्या मिनिटाला ठरलेलं चाळिसाव्या मिनिटाला फिरवलं असेल तर दोन्ही ठराव सारांशात येतात.

सचिवांच्या बाबतीत मी कडक आहे. मजकुरात नाव नाही, मग सारांशात नाव नको. चूक.

सई_क

मला नाही पटत. मी शाळेत मीटिंग घेते. "ते पत्र पाठवून द्या" म्हटलं की ऑफिसकडे बघूनच म्हटलेलं असतं. ज्याने हे ओळखलं त्या टूलला गुण कापायचे? मग "कोणीतरी कोटेशन मागवावे" असं लिहायचं का? ते तर कोणाच्याच कामाचं नाही.

मोडी_लिपी

"मागवायचे, कोणी ते स्पष्ट नाही" असं लिहायचं. आज सचिव बरोबर निघाले. उद्या तेच टूल अंदाजाने तुमच्या खजिनदारांचं नाव घालेल आणि दोन्ही वाक्यं तितक्याच ठामपणे लिहिलेली असतील. वाचणाऱ्याला फरक कळणार नाही.

सई_क

तुमचं म्हणणं कळलं, पण माझं मत तेच. खोलीतल्या चार माणसांना विचारा, चौघंही सचिव म्हणत असतील तर ते बरोबर.

पायथन_पंत

मधला मार्ग: तिसरा रकाना ठेवा, 'आधार नाही'. खोटं नाही, पण मजकुरात सापडत नाही. त्याचे गुण कापू नका, नुसते मोजा.

मोडी_लिपी

हे चांगलं सुचवलंत पंत. मी तरी कापेन, पण निदान वेगळं मोजलं जाईल.

तळमजला_०२

मी पंतांचा रकाना घेतो. आता आटोपशीरपणा. अ १९० शब्दांचा, ब ३१० चा. मी शब्द मोजून अ ला ५ आणि ब ला २ दिले होते.

मोडी_लिपी

अ ने तीन मुद्दे गाळून शब्द वाचवले, त्याचं बक्षीस कशाला? शब्दांऐवजी असं करा. सारांशाची प्रिंट घ्या आणि जे वाक्य खोडलं तरी यादीतला एकही मुद्दा जात नाही ते पेन्सिलने खोडा. खोडलेलं जवळपास काही नसेल तर २. इकडेतिकडे थोडं असेल तर १. तिसरा हिस्सा किंवा जास्त खोडला गेला तर ०. "सभेला सुरुवात करताना अध्यक्षांनी सर्वांचे स्वागत केले" हे पहिल्यांदा जाणार.

आणि हो, ५ ची पट्टी सोडा. ०, १, २ पुरे. पाचात सगळे ३ आणि ४ च देतात. ३ म्हणजे काय हे दोन माणसांना एकसारखं सांगता येत नाही. तीन पायऱ्या असल्या की प्रत्येक पायरीला एक वाक्य लिहून ठेवता येतं.

तळमजला_०२

खोडून बघितलं. अ मधली ४ वाक्यं गेली, त्यात "विविध विषयांवर सकारात्मक चर्चा झाली" हे दोनदा! पाव भाग असेल. ब मधली ३ गेली, तीही छोटी. म्हणजे आता उलट झालं, ब ला २ आणि अ ला १.

नानू_डोंबिवली

कामाचं आहे का, हे कसं मोजणार? ते तर ज्याचं त्याचं मत.

मोडी_लिपी

नानू, तुमच्या या प्रश्नाचं उत्तर तळमजला यांच्या पहिल्याच पोस्टमध्ये आहे. खजिनदारांनी चेक लिहिला, तीच परीक्षा. मीटिंगला नसलेल्या एका माणसाला फक्त सारांश द्या, मजकूर नको, आणि तीन गोष्टी विचारा: तुम्हाला आता काय करायचंय? कधीपर्यंत? कोणते विषय अजून लटकलेत? "सारांश आवडला का" हे विचारू नका, सगळे हो म्हणतात. त्याची उत्तरं यादीशी ताडा. तिन्ही बरोबर तर २, एखादं अपुरं तर १. आणि त्याने सारांश वाचून चुकीचं काम केलं असतं, तर ०. तळमजला यांनी अ ला इथे ५ दिले होते!

तळमजला_०२

हाहा, दिले होते खरे. खजिनदारांना आता ब वाचायला दिला. म्हणाले, "मला काहीच करायचं नाही, तिसरं कोटेशन येईपर्यंत थांबायचं." तारीख मात्र सांगता आली नाही, कारण पुढच्या मीटिंगची तारीख ब ने गाळलीय. यादीतला अकरावा मुद्दा तोच. मग ब ला १.

पायथन_पंत

मग शेवटी बेरीज काय?

मोडी_लिपी

बेरीज करूच नका. बेरजेनेच अ १७ वर गेला. आटोपशीरपणाचे आणि देखणेपणाचे गुण खोटेपणाच्या चुकीवर पांघरूण घालतात. आधी फक्त खरं आहे का ते बघा. रक्कम, तारीख, नाव किंवा ठराव यांत एकही चूक असेल तर तो सारांश तिथेच बाद, बाकीचे गुण लिहा पण तुलनेत धरू नका. जे टूल दहा मीटिंगांत कमी वेळा बाद होतं ते पुढे. त्यानंतर सगळं आलं का, मग कामाचं, आणि बरोबरी झाली तर आटोपशीर.

वैनगंगा

एक विचारू? मजकूरच चुकीचा उतरला असेल तर? आमच्याकडे एकोणसाठचे एकोणसत्तर झाले होते. सारांशात एकोणसत्तरच आलं. दोष कोणाचा?

मोडी_लिपी

सारांशाचा नाही, तो मजकुराशी प्रामाणिक राहिला. पण वाचणाऱ्याला त्याचं काय? म्हणून मी वेगळी खूण करतो, 'उतरवतानाची चूक', आणि सारांशाच्या टूलचे गुण कापत नाही. सगळं रेकॉर्डिंग ऐकायची गरज नसते. सारांशात जेवढे आकडे, तारखा आणि नावं आहेत तेवढीच मिनिटं काढून ऐका. दीड, अडीच, साडे, एकोण हे तर ऐकाच. तळमजला यांच्या मीटिंगला दहा मिनिटं लागतील.

तळमजला_०२

ऐकतो आज. टँकरच्या बिलावर मलाही शंका आहेच.

सध्याची स्थिती: अ बाद (लिफ्टचा ठराव). ब ला सगळं आलं १, कामाचं १, आटोपशीर २, चूक शून्य, आधार नाही एक. पण ही एकच मीटिंग आहे आणि यादी मी एकट्याने केलीय. सचिवांनाही सारांश न दाखवता वेगळी यादी करायला सांगितलंय.

मोडी_लिपी

उत्तम. दोन्ही याद्यांत जे आहे ते पक्कं, त्याला दुप्पट वजन द्या. एकाच यादीत आहे ते साधं. मुद्दा किती माणसांनी टिपला त्यावर त्याचं वजन, ही जुनी युक्ती आहे, संशोधनात तिला पिरॅमिड म्हणतात, तीही २००४ चीच.

तळमजला_०२

सचिवांची यादी आली. ९ मुद्दे, त्यातले ८ माझ्याशी जुळतात. पार्किंगचा वाद त्यांनी लिहिलाच नाही. म्हणे, "त्यात ठरलं काय?" वाद त्यांच्याच गाडीचा होता हे सांगायला हवं.

तिसऱ्या कोटेशनपुढे त्यांनी लिहिलंय: "कोणी मागवायचे ते ठरले नाही."

मोडी_लिपी

😄 सईताई?

सई_क

काम टाळायला म्हणतायत ते. उरलेल्या तिघांना विचारा.